लाइट गेली की टीव्ही चालू राहतो, पण सेट टॉप बॉक्स बंद पडतो. इन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी मार्ग सांगा

कुडाळची_लेक

आई-बाबा कुडाळजवळच्या गावात राहतात, मी पुण्यात असते. घरी ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे, तिला आता तीन वर्षं होत आली. इन्व्हर्टरवर हॉलमधला पंखा, दोन एलईडी बल्ब, ३२ इंची एलईडी टीव्ही आणि डिशचा बॉक्स एवढंच आहे.

संध्याकाळी लाइट गेली की पंखा आणि बल्ब चालू राहतात. टीव्हीही बंद होत नाही. पण बॉक्स रीस्टार्ट होतो. टीव्हीवर No Signal येतं, आई घाबरून रिमोटची बटणं दाबते, त्यात टीव्हीचा इनपुट बदलतो आणि मग मला फोन येतो. बॉक्स परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. पावसाळ्यात एका संध्याकाळी लाइट चार-पाच वेळा जाते-येते, त्यामुळे बातम्या धड बघायला मिळत नाहीत. बाबांना गुडघ्यामुळे बाहेर पडता येत नाही, संध्याकाळचा टीव्ही हाच त्यांचा विरंगुळा आहे.

वायरमनला विचारलं तर म्हणाला, "बॉक्स खराब असेल, बदला." इन्व्हर्टरच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, "बॅटरी उतरली, नवी घ्या." दोघांनीही प्रत्यक्ष काही तपासलं नाही. काय करावं?

---

निखिल_नाशिक

ताई, तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असणार. असल्या इन्व्हर्टरवर टीव्ही आणि बॉक्स कधीच चालवू नयेत, हळूहळू आतून जळतात. प्युअर साइन वेव्ह घ्या, सगळा त्रास संपेल. मी बदलला तेव्हापासून पंख्याचा घूं घूं आवाजसुद्धा गेला.

---

डोंबिवली_पूर्व

आमच्याकडे पण सेम! लाइट गेली की बॉक्सवर सिग्नल नाही. घरात सगळं इन्व्हर्टरवर आहे तरी. डिशवाल्यांकडे तक्रार केली, माणूस आला, तोपर्यंत लाइट आलेली, त्याने सगळं ठीक आहे सांगितलं आणि गेला.

---

सोल्डरगन

सातारा जिल्ह्यात टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, आता बॉक्स आणि अ‍ॅडॉप्टरच जास्त येतात. एकेकाचं बघू.

डोंबिवलीकर, तुमची तक्रार वेगळी आहे. तुमचा बॉक्स बंद पडत नाही, सिग्नल जातो. सोसायटीच्या गच्चीवर एकच सामायिक डिश आहे का? असेल तर तिथे मल्टिस्विच नावाचा डबा असतो. त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर लागतो आणि तो बहुधा जिन्याच्या किंवा लिफ्टच्या मीटरवर असतो. ती लाइन गेली की सगळ्या बिल्डिंगचा सिग्नल जातो, मग तुमच्या घरात कितीही मोठा इन्व्हर्टर असो. स्वतःची स्वतंत्र डिश असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला वीज तुमच्याच बॉक्समधून, त्याच केबलने जाते. सेक्रेटरींना विचारा, मल्टिस्विचला छोटा यूपीएस लावता येतो.

आता कुडाळच्या ताई. No Signal हे टीव्ही स्वतः लिहितोय की बॉक्स? काळ्या किंवा निळ्या पडद्यावर ते अक्षर इकडून तिकडे तरंगत असेल तर तो टीव्हीचा निरोप आहे. म्हणजे एचडीएमआयच्या वायरीतून चित्रच येत नाही, बॉक्स बंद आहे किंवा सुरू होतोय. पण बॉक्सवाल्या कंपनीचं चिन्ह, एखादा नंबर आणि सिग्नल मिळत नसल्याची ओळ दिसत असेल तर बॉक्स ठणठणीत आहे, डिश किंवा पाऊस आडवा आलाय. पहिल्याचा इलाज इन्व्हर्टरकडे, दुसऱ्याचा छपरावर.

आणखी तीन गोष्टी विचारून सांगा. एक, लाइट येताना बॉक्स रीस्टार्ट होतो का, की फक्त जाताना? दोन, भर दुपारी मुद्दाम मेन स्विच पाडला तर काय होतं? तीन, इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटी कळ असते, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको असं लिहिलेलं. ती कुठे आहे?

तोवर बॉक्सही बदलू नका आणि बॅटरीही घेऊ नका.

---

कुडाळची_लेक

खूप आभार दादा. माझा भाऊ ओरोसला असतो, तो जाऊन आला. त्याने सांगितलेलं लिहिते.

निरोप तरंगणारा आहे, म्हणजे टीव्हीचाच. लाइट येताना काही होत नाही, फक्त जाताना होतं. दुपारी मेन स्विच पाडून बघितला, बॉक्स अजिबात बंद पडला नाही! दोनतीनदा केलं, तरी चालूच. रात्री आठच्या सुमाराला तेच केलं तर लगेच रीस्टार्ट. कळ नॉर्मलवर आहे. इन्व्हर्टरवर आकडे दिसतात, दुपारी २२५ आणि रात्री १६५ ते १७५ च्या मध्ये दाखवत होता.

दुपारी चालतो आणि रात्री नाही, हे कसं काय?

---

सोल्डरगन

तुमच्या भावाने नेमकं तेच तपासलं जे बघायला हवं होतं. उत्तर त्या १६५ मध्ये आहे.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर त्या क्षणी बॅटरीवर उडी मारत नाही. आधी त्याला खात्री करावी लागते की वीज खरंच गेली, मग आतला रिले पलटतो. यूपीएस मोडमध्ये हे सगळं साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत होतं. नॉर्मल मोडमध्ये तो जरा वाट बघतो, ४० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. लाइट येताना मात्र इन्व्हर्टर चालूच असतो, तो आधी मेन्स तपासतो आणि मग सवडीने रिले पलटतो, त्यामुळे मधली खिंड फार लहान राहते. म्हणून तुमचा बॉक्स जाताना पडतो, येताना नाही.

एवढ्या खिंडीत बॉक्स जगतो तो त्याच्या अ‍ॅडॉप्टरमधल्या कपॅसिटरवर. तो पाण्याच्या छोट्या टाकीसारखा, वरून धार तुटली तरी थोडा वेळ खाली पुरवतो. पण टाकी किती भरणार ते व्होल्टेजवर ठरतं आणि ते सरळ प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात. २३० वर जेवढा साठा, १६५ वर त्याच्या जवळजवळ निम्मा. दुपारी साठा भरपूर, ती ४० मिलिसेकंदं निघून जातात. रात्री साठा निम्मा, त्यात अ‍ॅडॉप्टर जुना असेल तर कपॅसिटर सुकलेला, आणि बॉक्स पडतो. टीव्हीचा कपॅसिटर चांगला मोठा असतो, म्हणून तो तरतो.

बॅटरीचा यात संबंध कमी. बॅटरी उतरलेली असती तर दुपारीही फरक पडला असता, बल्ब क्षणभर मंद झाले असते आणि बॅकअप कमी मिळाला असता. तो किती मिळतो?

---

निखिल_नाशिक

मग कळ यूपीएसवर करा, विषय संपला. पण माझं म्हणणं कायम आहे, स्क्वेअर वेव्हवर टीव्ही जळतो. आमच्या शेजाऱ्यांचा गेला.

---

सोल्डरगन

निखिल, तुमचं अर्धं बरोबर आहे. साइन वेव्हवर पंखा गप्प चालतो, मिक्सरसारख्या मोटारी कमी तापतात, आणि ज्या जुन्या होम थिएटरमध्ये लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे तो घरघरत नाही. हे सगळं खरं. पण आजचा एलईडी टीव्ही आणि बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर आलेल्या विजेचं आधी डीसी करून घेतात. मागचं लेबल वाचा, १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याला लाट चौकोनी आहे की गोल याने फारसं बिघडत नाही. फार तर स्पीकरमधून बारीक आवाज येतो, अ‍ॅडॉप्टर किंचित जास्त कोमट होतो. हलक्या प्रतीचे अ‍ॅडॉप्टर याने लवकर थकतात हे मान्य.

माझ्याकडे जळलेले टीव्ही येतात ते बहुतेक लाइट परत येतानाच्या झटक्याने, न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढल्याने, किंवा विजांनी. शेजाऱ्यांचा कशाने गेला हे उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

आणि कळ यूपीएसवर करायची घाई करू नका. कुणीतरी ती विचार करून नॉर्मलवर ठेवली असण्याची शक्यता आहे.

---

कुडाळची_लेक

दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचायच्या आधीच भावाने कळ फिरवली होती. पहिल्या रात्री लाइट गेली, बॉक्स जागचा हलला नाही, आई खूश. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट असूनसुद्धा इन्व्हर्टर बॅटरीवरच चालत राहिला. टक्-टक् आवाज करत मध्येच मेन्सवर यायचा, परत बॅटरीवर जायचा. रात्री साडेदहाला बॅटरी संपली, तेव्हा लाइट चालू होती! फ्रीज चालू आणि हॉलमध्ये अंधार. बाबा म्हणाले, इन्व्हर्टर बिघडला.

---

विहिरीवरचा

ताई, बिघडला नाही. आमच्याकडे नगर जिल्ह्यात हीच गत. यूपीएस मोडला १८० च्या खालची लाइट म्हणजे लाइट गेलीच असं वाटतं. मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे १६० वर येतं. नॉर्मल मोडवर तो ९०-१०० पासून २९० पर्यंत सगळं चालवून घेतो. खेडेगावात नॉर्मलच पाहिजे. मी इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर बसवलाय, तेव्हापासून यूपीएस मोडवर निवांत आहे. तुम्हीही बसवा.

---

सोल्डरगन

बरोबर सांगितलंत. अचूक आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, पण यूपीएस मोड साधारण १८० ते २६० च्या दरम्यानचीच वीज आत घेतो. तुमच्या बाबांकडे संध्याकाळी १६५-१७५. म्हणजे इन्व्हर्टरच्या हिशोबाने रोज संध्याकाळी चार तास लोडशेडिंग. बॅटरी रोज रिकामी होणार, आणि भरायच्या वेळेला व्होल्टेज कमी. अशी बॅटरी वर्षभरात बसते.

ताई, कळ परत नॉर्मलवर करा. आता इलाज बॉक्सच्या बाजूने करायचा.

पहिला आणि स्वस्त इलाज म्हणजे नवा अ‍ॅडॉप्टर. जुन्यावर आऊटपुट काय लिहिलंय बघा, बहुतेक १२ व्होल्ट, १.५ किंवा २ अँपिअर असेल. व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनची जाडी तीच हवी आणि मधला टोक प्लस आहे ना ते लेबलवरच्या गोल चित्रावरून जुळवा. दोन-तीनशेत चांगला मिळतो. उचलून बघा, अगदी हलका लागला तर घेऊ नका. आत कपॅसिटरवर काटकसर केलेली असते.

---

विहिरीवरचा

स्टॅबिलायझरबद्दल काही बोलला नाहीत.

---

सोल्डरगन

तुमच्याकडे चाललाय तर काढू नका. पण मी सहसा सुचवत नाही. बॅटरी भरत असताना इन्व्हर्टर बराच लोड घेतो, त्यावर घरचा लोड, तेव्हा स्टॅबिलायझर चांगला मोठा लागतो. दुसरं, रिलेवाला स्टॅबिलायझर टप्पा बदलताना स्वतःही क्षणभर तोडतो. व्होल्टेज सारखं खालीवर होत असेल तर यूपीएस मोडला तेही लाइट गेल्यासारखं वाटतं.

---

विहिरीवरचा

माझ्याकडे पहिल्यापासून तसं काही झालं नाही. विहिरीची मोटार सुरू-बंद होते तरी टीव्ही, बॉक्स दोन्ही चालू. आपापल्या लाइनवर असेल. माझा सल्ला मी बदलत नाही.

---

खान्देशी_ठेचा

जळगावहून. मधेच विचारतो, माझ्याकडे डिश नाही, केबल आहे. लाइट गेली की टीव्ही चालू, बॉक्स चालू, रीस्टार्ट वगैरे काही नाही, पण चॅनल गायब. अर्ध्या-पाऊण तासाने जातो, लगेच नाही. माझाही अ‍ॅडॉप्टर बदलू का?

---

सोल्डरगन

नका बदलू. केबलवाल्याचा गल्लीत खांबावर किंवा कुणाच्या तरी भिंतीवर डबा असतो, नोड किंवा अ‍ॅम्प्लिफायर. त्यालाही वीज लागते. तुमच्या गल्लीबरोबर त्याचीही गेली आणि तो त्याच्या छोट्या बॅटरीवर अर्धा-पाऊण तास चालला, मग बसला. लाइट जाताक्षणी चॅनल गेलं असतं तर समजायचं बॅटरी नाहीच किंवा मेलेली आहे. केबलवाल्याला हा "अर्ध्या तासाने" मुद्दा नेमका सांगा, त्याला लगेच कळेल. घरात करण्यासारखं यात काही नाही.

---

रोहिणी_सोलापूर

एक शंका. या सगळ्यात टीव्हीमुळे बॅटरी किती खाल्ली जाते? आमच्याकडे सासरे म्हणतात, लाइट गेली की टीव्ही बंद करा, पंखा राहू दे, टीव्ही बॅटरी संपवतो. सोलापूरचा उन्हाळा, पंखा बंद करणं शक्यच नाही.

---

सोल्डरगन

ताई, सासऱ्यांच्या काळातला पेटीवाला टीव्ही खरंच खायचा. आता हिशोब उलटा झालाय. कुडाळच्या घराचाच मांडतो.

३२ इंची एलईडी ५० ते ५५ वॉट धरा. बॉक्स १० वॉट. जुना छताचा पंखा ७५. दोन बल्ब मिळून १८. झाले १६० च्या आत. इन्व्हर्टर स्वतः तापतो, थोडं खातो, म्हणून बॅटरीतून २०० वॉट निघतात. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे १६ ते १७ अँपिअर. १५० एएच भागिले १७ केलं तर नऊ तास दिसतात, पण तेवढे कधी मिळत नाहीत. बॅटरीवरचा १५० हा आकडा २० तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे, तुम्ही दुप्पट वेगाने काढताय. वर ती पूर्ण कोरडी होऊ द्यायची नसते. नव्या बॅटरीवर सहा-साडेसहा तास मिळाले तर उत्तम. तीन वर्षांच्या बॅटरीवर चार तास मिळाले तरी ती ठीक आहे असं मी म्हणेन.

आता यातून टीव्ही आणि बॉक्स काढले तर ६५ वॉट कमी. पंखा काढला तर ७५ कमी. म्हणजे एकटा पंखा टीव्ही-बॉक्स जोडीपेक्षा जास्त खातो. पंखा बंद करणं शक्य नसेल तर बीएलडीसी पंखा घ्या, तो ३० वॉटच्या आसपास चालतो. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये बॅकलाइट शंभरवर असेल तर निम्म्यावर आणा, अंधाऱ्या खोलीत डोळ्यांनाही बरं वाटतं आणि टीव्हीचे वॉट बरेच उतरतात. ५५ इंची मोठा टीव्ही असेल तर मात्र सासऱ्यांचं बरोबर, तो सव्वाशे वॉटच्या आसपास जाऊ शकतो.

एक लक्षात ठेवा, बॉक्स रिमोटने बंद केला तरी जवळपास तेवढीच वीज खातो. रात्री बटणानेच बंद करा.

---

कुडाळची_लेक

परत आले. भावाने कळ नॉर्मलवर केली आणि कुडाळच्या बाजारातून १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणला. जुना अ‍ॅडॉप्टर बॉक्सबरोबर आलेला, बरीच वर्षं झालेला होता. नवा लावल्यावर फरक चांगलाच पडला. आता १७५ च्या आसपास असताना लाइट गेली तर बॉक्स पडत नाही. पण परवा रात्री १५० दाखवत होता तेव्हा पडला. शिवाय जोराचा पाऊस होता, मग बॉक्स सुरू होऊन सिग्नल शोधत बसला तो पाऊस ओसरेपर्यंत. तोवर बाबा झोपायला गेले.

बॅकअप विचारला होतात, पंख्यासकट साडेतीन-चार तास मिळतो.

---

सोल्डरगन

साडेतीन-चार म्हणजे बॅटरी तिच्या वयाला साजेशी आहे. पाणी बघत राहा, नवी नको.

पावसाचं असं आहे की जोरदार सरीत डिशचा सिग्नल तुटतोच, त्याला इन्व्हर्टर काही करू शकत नाही. पण बॉक्स चालू असेल तर सर ओसरली की चित्र आपोआप परत येतं. तोच बॉक्स त्या वेळी रीस्टार्ट झाला तर बऱ्याचदा सिग्नल पुरेसा मिळेपर्यंत सुरुवातीच्या पडद्यावरच अडकतो. म्हणून तुमच्याकडे बॉक्स न पडणं जास्त महत्त्वाचं.

आता १५० वरही तो टिकायला हवा असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस लावा. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा घ्या. अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर, त्याची पिन मिनी यूपीएसमध्ये, आणि तिथून वायर बॉक्समध्ये. इन्व्हर्टर डोळ्याची पापणी लवण्याआधी हजर होतोच, तेवढ्या क्षणापुरताच याचा उपयोग, त्यामुळे त्याच्या बॅटरीला श्रम नाहीत.

घेताना बॉक्स सोबत घेऊन जा आणि दुकानात लावून बघा. अ‍ॅडॉप्टरची पिन काढायची, बॉक्स हलला नाही पाहिजे. काही हलके मिनी यूपीएस बॅटरीवर गेले की १२ चे ११ होतात, आणि बॉक्सला तर एलएनबीचीही वीज द्यायची असते, तो तिथेच मान टाकतो. राउटर चालला म्हणून बॉक्स चालेल असं नाही. घरी टीव्हीच्या कपाटात कोंडू नका, आत लिथियमच्या बॅटऱ्या असतात, उष्णतेने फुगतात. दर दोन-तीन महिन्यांनी हात लावून बघा, पोट आलेलं दिसलं की काढून टाका.

---

निखिल_नाशिक

मिनी यूपीएस मी पण राउटरला लावलाय, छान चालतो. पण एक विचारतो, नॉर्मल मोडवर २९० पर्यंत आत घेतो म्हणता, मग ते २९० सरळ टीव्हीवर जाणार ना? इन्व्हर्टर ते कमी करून देत नाही का?

---

सोल्डरगन

नाही देत. हा चांगला प्रश्न विचारलात. लाइट असताना साधा घरगुती इन्व्हर्टर आलेली वीज आहे तशी पुढे सोडतो. रात्री १६५ तर टीव्हीला १६५, पहाटे २७५ चढली तर टीव्हीला २७५. इन्व्हर्टर आहे म्हणजे टीव्ही सुरक्षित आहे असा गैरसमज फार आहे. नॉर्मल मोड ठेवणाऱ्यांनी टीव्हीपुरता एक छोटा हाय व्होल्टेजला तोडणारा स्टॅबिलायझर किंवा कटऑफ लावावा. टीव्ही आणि बॉक्स दोन्ही त्याच्यातून घ्या. तोडून परत जोडायला तो काही मिनिटं घेतो, तेव्हा बॉक्स रीस्टार्ट होईल, पण ते चालवून घ्यावं.

कोकणातल्यांसाठी एक कळकळीचं सांगतो. मेअखेरीला आणि ऑक्टोबरात विजा कडाडतात तेव्हा लाइट जाते आणि इन्व्हर्टरमुळे लोक आरामात टीव्ही बघत बसतात. वीज डिशच्या केबलनेही आत येते. ढग जमायला लागले की टीव्ही-बॉक्सची पिन सॉकेटमधून काढा आणि डिशची केबलही बॉक्सपासून सोडवा. कडकडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नका, हे आधीच करायचं. जळलेले बॉक्स माझ्याकडे सर्वात जास्त त्याच दिवसांत येतात, आणि त्यातले बरेच इन्व्हर्टरवर चालू असलेले.

---

कुडाळची_लेक

हे मी बाबांना आजच सांगते, आमच्याकडे केबल कधीच काढत नाहीत. मिनी यूपीएस भावाने घेतला, तुम्ही सांगितलं तसा दुकानात बॉक्स लावून. पहिला दाखवला त्यावर बॉक्स पडला, दुसऱ्यावर टिकला. काल संध्याकाळी लाइट तीनदा गेली, आईचा फोन आला नाही. म्हणून मीच केला, ती म्हणाली मालिका चालू आहे, नंतर बोलू.

आईसाठी एक चिठ्ठीही टीव्हीला चिकटवली: "No Signal तरंगत असेल तर कुठलंही बटण दाबू नये, तीन मिनिटं थांबावं."

---

रोहिणी_सोलापूर

चिठ्ठीची कल्पना घेतली. दादा, आमच्या बॉक्सला अ‍ॅडॉप्टरच नाही, दोन पिनची वायर सरळ भिंतीत जाते. मग मिनी यूपीएस कसा लावायचा?

---

सोल्डरगन

तुमच्याकडे लावता येणार नाही, त्याचा पॉवर सप्लाय बॉक्सच्या पोटातच आहे. तुमच्याकडे व्होल्टेज किती असतं? २०० च्या वर राहत असेल तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, बस झालं. कमी राहत असेल तर जवळच्या माणसाकडून बॉक्समधला मोठा कपॅसिटर बदलून घ्या, शंभर-दीडशेचं काम. स्वतः उघडू नका, पिन काढल्यावरही तो कपॅसिटर काही वेळ ३०० व्होल्ट धरून बसतो.

कुणी कॉम्प्युटरचा यूपीएस लावा म्हणेल. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर चालतो. स्क्वेअर वेव्हची वीज काही यूपीएस ओळखतच नाहीत, आपल्या बॅटरीवर जातात आणि पंधरा मिनिटांत बोंबलत बंद होतात.

---

विहिरीवरचा

कॉम्प्युटरचा यूपीएस मी स्क्वेअर वेव्हवर चालवलाय, चालला.

---

सोल्डरगन

काही चालतात, म्हणूनच "काही" म्हटलं. मॉडेल कुठलं होतं ते लिहा, माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना सांगता येईल.

---

रोहिणी_सोलापूर

व्होल्टेज बघायचं कसं, आमच्या इन्व्हर्टरवर आकडा येत नाही.

---

निखिल_नाशिक

सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर मिळतो इलेक्ट्रिकच्या दुकानात, स्वस्तात. मेन्सच्या सॉकेटला लावा, इन्व्हर्टरच्या नाही. आणि रात्री आठ-नऊला बघा, दुपारी नको.